रायल्स ट्यूबमधून फीड देताना: जागेची खात्री, ठसका आणि नेहमीच्या अडचणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मेडिकल वॉर्डात नव्याने रुजू झालेल्या सिस्टर, जीएनएमचे विद्यार्थी आणि घरी नळीतून फीड देणारे नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात. इथली सगळी उत्तरं प्रौढ पेशंटच्या नाकातून जठरात घातलेल्या नळीबद्दल आहेत, म्हणजे आपण जिला रायल्स ट्यूब किंवा नुसतं आरटी म्हणतो तिच्याबद्दल. बहुतेक उदाहरणं पक्षाघाताच्या पेशंटची आहेत, कारण गिळता न आल्यामुळे नळी लागलेले पेशंट आपल्याकडे त्यातच सर्वांत जास्त असतात. लहान मुलं आणि पोटातून घातलेली नळी यांचे नियम वेगळे आहेत. तुमच्या हॉस्पिटलचा लेखी प्रोटोकॉल असेल तर तो आधी.

सिरींजने हवा ढकलून पोटावर स्टेथोस्कोप लावला आणि गुडगुड आवाज आला. एवढं पुरेसं नाही का?

नाही. नळी जठरात आहे हे या आवाजावरून सिद्ध होत नाही. आपल्याकडे अजूनही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत शिकवली जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

नळी चुकून उजव्या किंवा डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात गेली असेल, तरी ढकललेल्या हवेचा आवाज पोटाच्या वरच्या भागावर ऐकू येतो. छाती आणि पोट यांच्या मधे फक्त स्नायूचा पडदा असतो आणि आवाज त्यातून सहज पोहोचतो. नळी अन्ननलिकेत अर्धवट अडकली असली तरी आवाज येतो. ज्याचे कान चांगले तयार आहेत त्यालाही हा फरक खात्रीने करता येत नाही. म्हणून ब्रिटनमधल्या राष्ट्रीय रुग्ण सुरक्षा संस्थेने २००५ मध्येच ही पद्धत वापरू नका असं सांगितलं. नळी चुकीच्या जागी असताना त्यातून फीड देणं हे तिथे कधीच घडू नये अशा घटनांच्या यादीत येतं.

नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहणं, ही दुसरी जुनी सवय. तीही सोडून द्या. जठरातही हवा असते, त्यामुळे बुडबुडे दोन्हीकडून येऊ शकतात. लिटमस कागद फक्त आम्ल आहे की नाही एवढंच सांगतो, किती आम्ल आहे ते सांगत नाही. त्यामुळे तोही चालत नाही.

आणखी एक गैरसमज: 'पेशंटला ठसका लागला नाही, म्हणजे नळी बरोबर गेली.' शुद्ध हरपलेल्या, पक्षाघाताच्या किंवा गुंगीत असलेल्या पेशंटचा खोकण्याचा प्रतिसादच मंदावलेला असतो. त्यांच्या श्वासनलिकेत नळी गेली तरी ते शांत पडून राहू शकतात. आणि आपण नळी घालतो ती मुख्यतः अशाच पेशंटना.

मग खात्री करायची कशी?

नळी पहिल्यांदा घातल्यावर दोनच मार्ग भरवशाचे आहेत: नळीतून आलेल्या द्रवाचा पीएच आणि एक्स-रे.

पीएचसाठी ५० किंवा ६० मिलीची सिरींज घेऊन हळूच थोडा द्रव ओढायचा आणि पीएच पट्टीवर टाकायचा. १ ते ५.५ च्या मधे आला तर नळी जठरात आहे असं धरता येतं. श्वासनलिकेतला द्रव सहसा ७ च्या आसपास किंवा वर असतो. पट्टीवरचे रंग अर्ध्या-अर्ध्या आकड्याने वेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर ५ आणि ६ मधला फरक कळत नाही. ५ ते ६ च्या मधला रंग वाटला तर दुसऱ्या सिस्टरला दाखवून घ्या. रात्री ट्यूबलाइटखाली हे रंग फसवतात.

एक्स-रे काढला तर 'नळी दिसतेय' एवढ्यावर थांबू नका. वाचणारे डॉक्टर चार गोष्टी पाहतात. नळी छातीत मधोमध सरळ खाली येते का, की एका बाजूच्या श्वासनलिकेच्या वळणाने जाते? श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तो बिंदू ती मधून ओलांडते का? पडदा मध्यरेषेवर ओलांडते का? आणि टोक डाव्या पडद्याच्या खाली स्पष्ट दिसतं का? चारही उत्तरं 'हो' असतील तरच फीड सुरू. कोणी पाहिला, किती वाजता पाहिला आणि तो एक्स-रे याच नळीचा आहे ना, हे फाइलमध्ये लिहिलेलं असावं. सकाळी नळी बदलली आणि कालचाच एक्स-रे दाखवून फीड सुरू झालं, असं व्हायला नको.

आणि खात्री होईपर्यंत नळीतून काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. 'जरा पाणी घालून बघते, उतरतं का' ही तपासणी नव्हे. फुफ्फुसातही पाणी उतरतं.

आमच्या वॉर्डात सगळेच पेशंट पँटोप्रॅझोलवर आहेत. पीएच कधीच ५.५ च्या खाली येत नाही. काय करायचं?

ही खरी अडचण आहे. आम्लता कमी करणारी औषधं चालू असली की जठरातल्या द्रवाचा पीएच ६ किंवा त्याहून वर जाऊ शकतो. नुकतंच फीड झालं असेल तरी वाढतो, कारण दूध आणि फॉर्म्युला आम्ल शोषून घेतात. म्हणून शेवटच्या फीडनंतर किमान एक तास थांबून पाहा. पुढची गोळी किंवा इंजेक्शन द्यायच्या आधीची वेळ त्यातल्या त्यात बरी.

तरीही ५.५ च्या वर येत असेल तर त्याचा अर्थ नळी चुकीची आहे असा नाही, आणि बरोबर आहे असाही नाही. पीएच त्या पेशंटमध्ये उत्तर देत नाही, एवढंच. पहिल्यांदा नळी घातली असेल तर एक्स-रे लागतोच. एक्स-रेने जागा पक्की झाल्यावर त्या पेशंटचा नेहमीचा पीएच किती येतो ते चार्टवर लिहून ठेवा आणि पुढच्या फीडना बाहेरच्या नळीची लांबी हा मुख्य आधार धरा.

रोज प्रत्येक फीडला एक्स-रे शक्य नाही. मग दर वेळी काय बघायचं?

लांबी, तोंड आणि द्रव, याच क्रमाने.

लांबीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आपल्याकडच्या साध्या रायल्स ट्यूबवर प्रत्येक सेंटिमीटरची खूण नसते. साधारण ५०, ६० आणि ७० सेंटिमीटरवर रेघा असतात. म्हणजे नळी ५५ वर बसवली असेल तर नाकपुडीशी कुठलीच छापील खूण दिसत नाही, आणि 'दोन रेघांच्या मधे कुठेतरी' या वर्णनाने पुढच्या ड्यूटीला काही कळत नाही. त्यामुळे नळी बसवल्यावर नाकपुडीच्या कडेला परमनंट मार्करने बारीक रेघ मारा आणि नाकपुडीपासून नळीच्या बाहेरच्या टोकापर्यंतची लांबी मोजपट्टीने मोजून चार्टवर लिहा. नळी १०५ सेंटिमीटरची असेल आणि आत ५५ असेल, तर बाहेर ५० दिसायला हवी. हा आकडा हँडओव्हरमध्ये बोलून द्यायचा.

नंतर टॉर्च लावून तोंड उघडून घसा बघा. नळी घशात गुंडाळली जाऊन वेटोळं झालेलं असू शकतं. तेव्हा बाहेरची लांबी बदललेली नसते, टेप जागेवर असतो, पण टोक जठरात नसतं. उलटी किंवा जोरात खोकला झाल्यावर हे जास्त दिसतं.

शेवटी द्रव ओढून पीएच. यात एक बारकावा आहे. टोक अन्ननलिकेच्या खालच्या भागात असेल आणि जठरातलं आम्ल वर येत असेल, तर पीएच ५ च्या खालीही येऊ शकतो. म्हणजे चांगला पीएच फुफ्फुसाची शक्यता बाजूला करतो, पण अन्ननलिकेची नाही. ती चूक लांबीच पकडते.

हे तिन्ही प्रत्येक फीडच्या आणि औषधाच्या आधी करायचं. याशिवाय उलटी, उबळ, जोराचा खोकला किंवा सक्शन झाल्यावर, टेप सैल दिसल्यावर आणि पेशंट दुसऱ्या वॉर्डातून आल्यावर. पंपावर सतत फीड चालू असेल तर निदान प्रत्येक ड्यूटीला एकदा.

सिरींज ओढली तर काहीच येत नाही.

ताकद लावून ओढू नका, जठराचं अस्तर नळीच्या छिद्रात ओढलं जातं. पेशंटला शक्य असेल तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे द्रव नळीच्या टोकाशी जमतो. मग १० ते २० मिली हवा हळू ढकला. ही हवा ऐकण्यासाठी नाही, अस्तराला चिकटलेलं टोक मोकळं करण्यासाठी आहे. पंधरा ते तीस मिनिटं थांबून पुन्हा ओढा. त्या वेळात तोंडाची स्वच्छता करा. तोंड ओलं झालं की जठरात रस स्रवायला मदत होते. तरीही नाही आलं तर डॉक्टरांना सांगून नळी थोडी आत-बाहेर करून पाहता येते, आणि शेवटी एक्स-रे.

हे प्रत्यक्षात कसं घडतं, एक उदाहरण द्या.

वॉर्डात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून एक केस सांगते.

६८ वर्षांच्या आजी, वजन ५२ किलो, पक्षाघाताचा पाचवा दिवस, मधुमेह आहे. १४ नंबरची रायल्स ट्यूब ५५ सेंटिमीटरवर बसवलेली, बाहेर ५० सेंटिमीटर. दर तीन तासांनी २०० मिली फीड, दिवसाला सात वेळा. पँटोप्रॅझोल चालू. रात्री दोनच्या सुमाराला सक्शन करताना त्यांना उलटी झाली. उलटीने टेप ओला झाला, तो कोणीतरी बदलला आणि नवा मायक्रोपोर नीट लावला. चार्टवर 'एक उलटी, टेप बदलला' एवढी नोंद झाली.

सहाच्या फीडला आलेल्या सिस्टरने टेपकडे पाहिलं, तो स्वच्छ आणि घट्ट होता. पण मार्करची रेघ नाकपुडीशी नव्हती. मोजपट्टी लावली तर बाहेरची लांबी ५९. म्हणजे नळी नऊ सेंटिमीटर बाहेर आलेली, आत फक्त ४६. घशात वेटोळं नव्हतं. द्रव ओढला, आठ मिली पांढुरका, पीएच ६. हा पीएच पँटोप्रॅझोलमुळे असू शकतो, लाळेमुळेही असू शकतो. पण लांबी बदललेली होती, त्यामुळे फीड थांबलं.

इथे आणखी एक गोष्ट तिने केली, जी फार वेळा विसरली जाते. सहाच्या फीडबरोबर आजींना इन्सुलिन द्यायचं होतं. फीड थांबवलं की इन्सुलिन तसंच देऊन चालत नाही. तिने शुगर तपासली, ११२ होती. डॉक्टरांना फोन करून दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या: 'नळी नऊ सेंटिमीटर बाहेर आली आहे, फीड थांबवलंय, इन्सुलिन दिलेलं नाही.' डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवायला आणि तासातासाला शुगर बघायला सांगितलं.

पोर्टेबल एक्स-रेमध्ये टोक पडद्याच्या जरा वर, अन्ननलिकेच्या खालच्या भागात दिसलं. त्या जागी २०० मिली फीड गेलं असतं तर ते सरळ फुफ्फुसात गेलं नसतं, पण वर घशाकडे यायला त्याला काहीच अडथळा नव्हता. आणि आजींना गिळता येत नव्हतं. डॉक्टरांनी नळी काढून नवीन बसवायला सांगितली. नवीन नळीचा एक्स-रे पाहून साडेनऊला फीड सुरू झालं. साडेतीन तास उशीर झाला. त्याने आजींचं काही बिघडलं नाही.

टेप बदलणाऱ्याने त्याच वेळी लांबी मोजली असती तर हे रात्री दोनलाच कळलं असतं. टेपला हात लावला की मोजपट्टी लावायची, हा नियमच करून टाका.

नळी बरोबर जागी असेल तर ठसक्याचा, फुफ्फुसात जाण्याचा धोका संपतो ना?

संपत नाही, आणि नातेवाइकांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नळीमुळे अन्न घशाला वळसा घालून जातं, एवढंच. पेशंटची स्वतःची लाळ घशात उतरतच असते आणि जठरातलं फीड वर येऊ शकतं, उलट नळीमुळे अन्ननलिकेचं खालचं दार थोडं उघडं राहतं. न्यूमोनिया बऱ्याचदा या जंतूभरल्या लाळेमुळेच होतो.

म्हणून तोंडाची स्वच्छता ही फीडच्याच कामाचा भाग समजा. तोंडाने काही खात नाही म्हणून ब्रश नको, असं घरोघरी ऐकू येतं. खरं तर अशाच पेशंटला तो जास्त लागतो. मऊ ब्रशने दिवसातून निदान दोनदा दात, जीभ आणि गालांची आतली बाजू, पेशंटला कुशीवर ठेवून, साठलेलं पाणी सक्शनने किंवा कापडाने टिपत टिपत. कवळी असेल तर रात्री काढून ठेवा.

बेड किती वर ठेवायचा?

डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश, फीडच्या आधीपासून ते फीड संपल्यावर निदान अर्धा ते एक तास. पंपावर सतत फीड असेल तर कायम.

अंदाजाने वर केलेला बेड बहुतेक वेळा ३० अंशांपेक्षा कमीच असतो. बेडला कोनाची पट्टी नसेल तर एकदा मोजून कठड्यावर खूण करून ठेवा. आणि पेशंटकडे बघा: बेड वर आहे पण पेशंट घसरून खाली आला आहे, हनुवटी छातीला टेकली आहे आणि पोट दुमडलं आहे, तर कोनाचा उपयोग नाही. आधी वर ओढून घ्या, गुडघ्याखाली उशी द्या. घरी साधा पलंग असेल तर नुसत्या डोक्याखाली दोन उशा देऊ नका, त्याने फक्त मान वाकते. पाठीपासून आधार हवा.

डायपर बदलणं, स्पंजिंग, कूस बदलणं, छातीची फिजिओथेरपी, सक्शन ही सगळी कामं फीडच्या आधी उरका. पाठीचा मणका किंवा कमरेचं हाड मोडलं असेल तर बेड किती वर घ्यायचा ते डॉक्टरांना विचारा.

फीड किती वेगाने द्यायचं?

२०० ते २५० मिली फीडला वीस ते तीस मिनिटं. सिरींजचा दट्ट्या काढून नळकांडं वर धरा आणि आपोआप उतरू द्या. दट्ट्याने ढकलायचं नाही. पाच मिनिटांत संपत असेल तर नळकांडं खाली आणा. संध्याकाळच्या घाईत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं, आणि त्यानंतरची उलटी 'पचलं नाही' म्हणून लिहिली जाते.

आधीचं फीड किती उरलंय ते दर वेळी मोजायचं का? किती आलं तर थांबायचं?

यावर मत बदललं आहे. पूर्वी २०० मिली आलं की फीड थांबवायचे. पुढे अतिदक्षता विभागातल्या पेशंटवर २०१३ मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात, उरलेलं फीड मोजलंच नाही तरी न्यूमोनिया वाढला नाही असं दिसलं. २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना तर ते रोजच्या देखरेखीत मोजूच नका म्हणतात, आणि मोजलंच तर दुसरं काही लक्षण नसताना ५०० मिलीच्या आत फीड थांबवू नका असं सांगतात.

पण आपल्या जनरल वॉर्डात एका सिस्टरकडे बरेच पेशंट असतात आणि फीड एकदम दिलं जातं. अशा ठिकाणी डॉक्टरांनी जो आकडा ठरवून दिला असेल तो पाळा, पण आकड्यापेक्षा पोटाकडे बघा. पोट फुगलंय, ताणलंय, पेशंट कण्हतोय, मळमळ किंवा उलटी होतेय, संडास-वारा बंद आहे, तर १०० मिली आलं तरी डॉक्टरांना सांगा. पोट मऊ आहे, पेशंट शांत आहे आणि १८० मिली आलं, तर तेवढ्यावरून सलग दोन फीड चुकवू नका. पक्षाघाताचे पेशंट आठवड्यात सुकतात ते याच चुकलेल्या फीडमुळे. ओढलेलं फीड साधारणपणे परत देतात, कारण त्यात क्षार आणि पाचकरस असतात. त्यात रक्त, कॉफीच्या चुऱ्यासारखा रंग किंवा घाण वास असेल तर परत न देता दाखवा.

फीड चालू असताना ठसका लागला, ऑक्सिजन खाली आला. पहिलं काय?

फीड बंद, नळी चिमटा. डोकं उंच ठेवून पेशंटला एका कुशीवर वळवा, तोंड आणि घसा सक्शन करा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. जठरातलं फीड सिरींजने ओढून घ्या, म्हणजे आणखी वर येणार नाही. मग लांबी आणि घसा तपासा.

पेशंट दहा मिनिटांत सावरला तरी प्रकरण संपलं असं समजू नका. पुढच्या २४ तासांत श्वासाचा वेग, ताप आणि ऑक्सिजन यांवर लक्ष ठेवा. काही पेशंटमध्ये ठसका लागतच नाही. श्वासाचा वेग १८ वरून २६ वर गेला, छातीत खरखर वाढली, सक्शनमध्ये दुधाळ द्रव आला, एवढंच दिसतं.

नळी सारखी ब्लॉक होते.

कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक: घरी केलेलं दाट फीड किंवा नीट न कुटलेल्या गोळ्या.

घरचं फीड मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळलेलं, ताकाइतकं पातळ हवं. नाचणीची पेज, साबुदाणा, भाताची पेज गार झाल्यावर घट्ट होतात, सिरींजमध्ये पातळ वाटली तरी नळीत बसतात. मात्र पातळ करायच्या नादात नुसतं डाळीचं पाणी आणि नारळपाणी द्यायला लागलं की नळी मोकळी राहते आणि पेशंट उपाशी. दिवसाचा हिशोब आहारतज्ज्ञांकडून करून घ्या. वर सांगितलेल्या आजींना दर किलोला २५ ते ३० कॅलरी धरल्या तर दिवसाला १३०० ते १५६० लागतात. एका मिलीला एक कॅलरी असलेलं फीड २०० मिली सात वेळा दिलं की १४०० मिळतात. प्रत्येक फीडच्या आधी ३० आणि नंतर ३० मिली पाणी दिलं की दिवसाचं ४२० मिली होतं. म्हणजे नळी मोकळी राहण्याबरोबर पाण्याच्या गरजेलाही हातभार लागतो. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हे पाणी डॉक्टर ठरवतील.

औषधं फीडमध्ये मिसळू नका. एकेक गोळी वेगळी पूड करून पाण्यात द्या आणि दोन औषधांच्या मधे १० ते १५ मिली पाणी सोडा. हळूहळू विरघळणाऱ्या आणि वरून आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. एसआर, एक्सआर, सीआर किंवा ईसी लिहिलेलं असेल तर फार्मासिस्टना पर्याय विचारा. फेनिटोइनची विशेष काळजी घ्या. फीडबरोबर दिलं तर रक्तात नीट उतरत नाही आणि झटके येऊ शकतात. त्याच्या आधी आणि नंतर साधारण एक ते दोन तास फीड बंद ठेवतात.

ब्लॉक झालीच तर मोठ्या सिरींजने कोमट पाणी हळू ढकला, ओढा, पुन्हा ढकला, जरा थांबा. लहान सिरींजने जोर लावू नका. तिच्यात दाब फार वाढतो आणि नळी फुटते. तार घालू नका. कोल्ड्रिंक घालू नका, त्यातल्या आम्लाने दुधाची प्रथिनं आणखी गोठतात.

फीड सुरू केल्यापासून जुलाब होत आहेत. फीड बंद करू?

लगेच नको. आधी औषधांचा चार्ट बघा. अँटिबायोटिक चालू आहे का? पोटॅशियमचं किंवा खोकल्याचं सिरप चालू आहे का? बऱ्याच सिरपमध्ये सॉर्बिटॉल असतं आणि ते जुलाब लावतं. आधी बद्धकोष्ठासाठी दिलेलं औषध थांबवायचं राहून गेलंय का? घट्ट संडास अडकून तिच्या बाजूने पातळ पाझर होतोय का, हेही तपासावं लागतं.

मग स्वच्छता. सकाळी एकदम बनवलेलं फीड दुपारपर्यंत ओट्यावर राहत असेल तर कारण सापडलं. घरचं फीड बनवल्यावर दोन तासांत वापरा, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. देताना खोलीच्या तापमानाला आणून द्या. सिरींज आणि वाटी प्रत्येक फीडनंतर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

बरेच दिवस उपाशी असलेल्या पेशंटला लवकर ताकद यावी म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण फीड दिलं तर?

हे धोक्याचं आहे. दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेल्या किंवा खूप कृश पेशंटला एकदम पूर्ण फीड दिलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं. पहिल्या काही दिवसांत सूज, अशक्तपणा, धाप, हृदयाचे ठोके अनियमित होणं असं दिसू शकतं. अशा पेशंटला दिवसाला दर किलो १० कॅलरींपासून सुरुवात करून चार ते सात दिवसांत वाढवत नेतात, आणि त्याआधी थायमिन देतात. ४० किलोच्या पेशंटला याचा अर्थ पहिल्या दिवशी फक्त ४०० कॅलरी. नातेवाइकांना हे फार कमी वाटतं. कारण समजावून सांगा, नाहीतर ते मायेने घरून आणखी दोन वाट्या आणतात.

नाकाला जखम झाली आहे, आणि पेशंट नळी सारखी ओढतो.

नळी नाकपुडीच्या कडेवर वर किंवा बाजूला दाबून चिकटवली की तिथे काही दिवसांतच फोड येतो. नळी नाकपुडीच्या मधोमध लोंबती राहील अशी बसवा आणि टेप रोज बदलून खालची कातडी बघा. दुसरा टेप गालावर लावा, म्हणजे ओढ नाकावर येत नाही. टेप बदलताना लांबी मोजायची हे वर आलंच आहे.

ओढणाऱ्या पेशंटचे हात बांधण्याआधी तो का ओढतोय ते बघा. नाक दुखतंय, लघवी अडली आहे, डायपर ओला आहे, चष्मा किंवा श्रवणयंत्र काढून ठेवलंय, असं काहीतरी बऱ्याचदा सापडतं. हातमोज्यासारखे मिटन्स हा बांधण्यापेक्षा बरा उपाय.

घरी नळी निघाली तर?

परत आत ढकलू नका. निम्मी बाहेर आली असेल तर फीड बंद करा, आहे तिथेच टेप लावा आणि नर्सला किंवा हॉस्पिटलला फोन करा. पूर्ण निघाली असेल तर ती फेकू नका, दाखवायला ठेवा. कुठल्या नंबरची आणि टोक अखंड आहे का, हे त्यावरून कळतं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन फीडशिवाय देऊ नका, ते फोनवर विचारा. नळी नसताना 'तोंडाने दोन चमचे पाणी तरी' देण्याचा मोह होतो. गिळण्याची तपासणी झालेली नसेल तर देऊ नका.

ही नळी किती दिवस ठेवायची?

साध्या पीव्हीसी रायल्स ट्यूबच्या पाकिटावर कंपनीने दिलेली मुदत पाहा. ही नळी आत राहून कडक होते, म्हणून ती जास्त काळासाठी नसते. पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनच्या मऊ, बारीक नळ्या काही आठवडे राहू शकतात, पण त्यांची किंमत जास्त आणि ब्लॉकही लवकर होतात. बदलताना शक्य असेल तर दुसरी नाकपुडी घ्या.

चार आठवड्यांच्या पुढेही गिळता येईल असं वाटत नसेल तर पोटातून घालायच्या नळीबद्दल डॉक्टर बोलतात. पक्षाघातात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तशी घाई करत नाहीत, कारण बऱ्याच पेशंटचं गिळणं त्या काळात सुधारतं आणि २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीलाच पोटातून नळी घातलेल्यांची प्रकृती नाकातल्या नळीवाल्यांपेक्षा चांगली राहिली नाही. दर आठवड्याला स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी होते आहे ना, हे मात्र नर्सिंगच्या बाजूने विचारत राहा. गिळता यायला लागलेला पेशंट केवळ कोणी पुन्हा तपासलं नाही म्हणून महिनाभर नळीवर राहिलेला असतो, असे पेशंट घरी सोडलेल्यांमध्ये हमखास सापडतात.